कणकेचा केक दडदडीत होतो तेव्हा

कणकेचा केक दडदडीत का झाला, असं विचारलंत. मैद्याचंच माप कणकेला लावलंत, तिथे गडबड झाली. कणकेतला कोंडा दूध पितो, पण सावकाश. दीड कप कणकेला पाऊण कप दूध घेतलं होतंत ना? एक कप घ्या. लोण्याऐवजी अर्धा कप तेल घाला. लोणी गार झालं की घट्ट होतं, तेल पातळच राहतं. मिश्रण झाकून 20 मिनिटं ठेवा. मग ते चमच्यावरून जाड फितीसारखं सुटायला हवं. गोळ्यासारखं पडलं तर दोन चमचे दूध आणखी. बेकिंग पावडर वेगळ्या काढलेल्या चमचाभर कोरड्या कणकेत मिसळून बाजूला ठेवा (मी आधीच घालायचे, फुगवटा भांड्यातच संपायचा) आणि ओव्हनमध्ये ठेवण्याआधी चाळून घाला. तेव्हा फेटू नका, नुसतं हलक्या हाताने कालवा.