परम्युटेशन-कॉम्बिनेशनची सूत्रं पाठ आहेत, पण क्रमाला महत्त्व आहे की नाही हे प्रश्न वाचून कसं ओळखायचं?

प्रश्नातल्या शब्दांवरून ओळखायचा नाद आधी सोडा. 'सिलेक्ट' दिसलं की C, 'अरेंज' दिसलं की P, हे कुणीतरी अकरावीत शिकवतं आणि सीईटीच्या दिवसापर्यंत मुलं तेच धरून बसतात. मी ऐरोलीत घरी बॅच घेतो. त्याआधी ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये शिकवायचो. तो क्लास सोडण्यामागे जी कारणं होती, त्यातलं सगळ्यात मोठं कारण हाच विषय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मुलांकडून काय करून घेतो ते आधी सांगतो. सूत्राला हात लावण्यापूर्वी एक पूर्ण उत्तर वहीत नावानिशी लिहायचं. मग त्यातली दोन नावं आपापसांत बदलायची आणि विचारायचं, प्रत्यक्षात काही वेगळं घडलं का? घडलं तर क्रमाला महत्त्व आहे. काहीच बदललं नाही तर नाही.

समजा घणसोलीतल्या एका सोसायटीच्या ९ जणांच्या कमिटीतून अध्यक्ष, सेक्रेटरी आणि खजिनदार निवडायचे आहेत. प्रश्नात 'निवडायचे' आहे, 'कमिटी'पण आहे. शब्द बघणारा मुलगा 9C3 करून ८४ लिहून मोकळा होतो. आता कुलकर्णी अध्यक्ष, पाटील सेक्रेटरी, म्हात्रे खजिनदार असं लिहा, आणि कुलकर्णी व म्हात्रे यांची अदलाबदल करा. सोसायटीच्या चेकवर सही करणारा माणूस बदलला! म्हणजे उत्तर 9P3, ५०४. त्याच ९ जणांमधले तिघं पाण्याची तक्रार घेऊन महापालिकेत जाणार असतील, तर कुलकर्णींचं नाव आधी लिहिलं काय आणि शेवटी लिहिलं काय, तक्रार घेऊन गेलेले तिघं तेच. तिथे ८४ बरोबर.

उलटंही होतं. '८ संघांचे प्रत्येकाशी एक असे सामने अरेंज करायचे' या प्रश्नात 'अरेंज' आहे, पण कळवा विरुद्ध कोपरी आणि कोपरी विरुद्ध कळवा हा एकच सामना. म्हणून 8C2, २८. आता 'दोघांच्याही मैदानावर एकेक सामना' असं म्हटलं तर तेच ५६ होतात.

त्या क्लासमध्ये एक सिनियर सर होते. त्यांनी शब्दांचा तक्ता बनवला होता. एका बाजूला टीम, कमिटी, ग्रुप, सिलेक्ट. दुसऱ्या बाजूला वर्ड, नंबर, सीट, अरेंज. झेरॉक्स काढून प्रत्येक बॅचला वाटायचे आणि पोरं तो कागद कंपासपेटीत घालून फिरायची. मी शिकवायला उभा राहिलो की पहिला प्रश्न यायचा, "सर, हा शब्द तक्त्यात नाहीये, मग काय करायचं?" माझा राग त्या तक्त्यावर होता आणि अजून आहे.

एका रविवारी सरांच्या तासाला मी मागे बसलो होतो. फळ्यावर गणित होतं: ६ मुलींच्या दोन-दोनच्या तीन जोड्या किती प्रकारे पाडता येतील? सरांनी तक्त्याप्रमाणे सोडवलं. जोडी म्हणजे ग्रुप, ग्रुप म्हणजे C. पहिली जोडी 6C2 म्हणजे १५, दुसरी 4C2 म्हणजे ६, तिसरी 2C2 म्हणजे १. गुणाकार ९०. कळव्याहून येणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, माझं १५ येतंय." तिने सूत्र वापरलंच नव्हतं. ती म्हणाली, मला जोडीदार मिळायला ५ पर्याय, मग उरलेल्यांपैकी पहिलीला ३, आणि शेवटच्या दोघींना पर्यायच नाही. ५ गुणिले ३, झाले १५. सर म्हणाले, "ही पद्धत सिलॅबसमध्ये नाही. खाली बस."

मला ते सहन झालं नाही. मी पुढे गेलो आणि पहिल्या बाकावरच्या चौघींना उभं केलं. सहाच्या ऐवजी चौघी, आणि दोनच जोड्या. सरांच्या रीतीने 4C2 गुणिले 2C2, म्हणजे ६. मग त्यांना प्रत्यक्ष जोड्या करायला सांगितल्या. पहिली मुलगी दुसरीबरोबर, तिसरीबरोबर, चौथीबरोबर, आणि प्रत्येक वेळी उरलेल्या दोघी आपोआप एकत्र. तीन प्रकार झाल्यावर त्या थांबल्या. चौथा प्रकार कुणालाच सापडेना, कारण तो नव्हताच.

६ कुठून आले? 'पहिली जोडी निवडा, मग दुसरी' असं म्हणताक्षणी आपण जोड्यांना नंबर दिले. मुलींना क, ख, ग, घ म्हणा. आधी कख उचलली आणि गघ उरली, हा एक प्रकार मोजला. आधी गघ उचलली आणि कख उरली, हा दुसरा मोजला. खोलीत मात्र त्याच चौघी त्याच जोडीदारांबरोबर उभ्या आहेत. जोडीच्या आतला क्रम C ने काढून टाकला, पण जोड्यांचा आपसातला क्रम गुणाकारातून मागच्या दाराने आत आला. तीन जोड्या असतील तर तो 3! म्हणजे ६ पट वाढवतो. ९० भागिले ६, पुन्हा १५. मुलीचं उत्तर बरोबर होतं.

आता हेच गणित 'सहा जणी तीन जोड्या करून तीन वेगवेगळ्या कॅरम बोर्डांवर सरावाला बसतील, बोर्ड १, २ आणि ३' असं दिलं तर ९० बरोबर आहे. कख बोर्ड १ वर आणि गघ बोर्ड २ वर, यांची अदलाबदल केली तर बसायची जागा बदलते. म्हणजे अदलाबदल दोन पातळ्यांवर करून बघायची, आधी गटाच्या आत, मग अख्खे गट एकमेकांत. शब्दांच्या तक्त्यात ही दुसरी पातळी नसतेच.

गट सारख्या आकाराचे नसतील तर भागायचं नाही. ६ जणींचे १, २ आणि ३ असे गट पाडले, तर 6C1 × 5C2 × 3C3 म्हणजे ६० हेच उत्तर. एकटीचा गट आणि तिघींचा गट यांची गल्लत होऊच शकत नाही, आकारच त्यांची ओळख आहे. ७ जणींचे ३, २, २ असे पाडले तर फक्त दोनच गट सारखे, म्हणून २१० ला 2! ने भागून १०५. सारख्या दिसणाऱ्या गटांपुरतंच भागायचं.

तासानंतर स्टाफरूममध्ये सरांशी माझं चांगलंच वाजलं. त्यांचं म्हणणं, सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, पोरांना जोड्या करत बसायला वेळ कुठे आहे? संचालकांनी त्यांचीच बाजू घेतली. मला तेव्हाही हे पटलं नव्हतं, आजही पटत नाही. दोन नावांची अदलाबदल करून बघायला किती वेळ लागतो? आणि अशा प्रश्नाच्या पर्यायांत १५ आणि ९० दोन्ही ठेवलेले असतात. पेपर काढणाऱ्याला मुलं नेमकी कुठे घसरतात ते माहीत असतं. चुकलेलं उत्तर पर्यायांत दिसलं की मूल निर्धास्त होऊन पुढे जातं. वेळ वाचला, २ मार्क गेले.

शंका आली तर संख्या लहान करा, हे मी त्या दिवसापासून प्रत्येक बॅचला सांगतो. १२ जणांचं गणित ४ जणांवर आणा, हाताने मोजा आणि तुमची रीत त्या लहान गणितावर चालवा. दोन्ही उत्तरं जुळली तरच मोठ्या संख्येकडे जा.

हाच रोग 'किमान एक' वाल्या गणितात वेगळ्या रूपात दिसतो. ४ मुली आणि ५ मुलगे, त्यातून ३ जण निवडायचे, किमान एक मुलगी हवी. बहुतेक जण म्हणतात, आधी एक मुलगी घेऊन टाकू, मग उरलेल्या ८ मधून कुणीही दोघं. 4C1 × 8C2, उत्तर ११२. पण ९ जणांतून ३ निवडायचे एकूण प्रकारच ८४! अट घातल्यावर प्रकार वाढले कसे? इथेही 'आधी घेतलेली मुलगी' असा एक नंबर नकळत दिला गेला. ज्या निवडीत दोन मुली आहेत ती दोनदा मोजली गेली, तीन मुली असलेली तीनदा. एकूण ८४ मधून फक्त मुलग्यांचे 5C3 म्हणजे १० वजा करा, ७४. अट नसतानाचा एकूण आकडा बाजूला लिहून ठेवायची सवय लावा. उत्तर त्याच्यापेक्षा मोठं आलं तर कुठेतरी दुहेरी मोजणी झाली आहे हे लगेच कळतं.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. हे सगळं वस्तू वेगवेगळ्या असतील आणि एक वस्तू एकदाच वापरायची असेल तेव्हाचं आहे. बॅगेच्या तीन आकडी कुलुपात क्रमाला महत्त्व आहे, पण 10P3 चालत नाही, कारण ७७७ हाही नंबर लागू शकतो. तिथे 10 × 10 × 10, म्हणजे १०००. एकच अक्षर दोनदा येणारे शब्द आणि गोल टेबलाभोवती बसवणं यांतही अदलाबदलीची परीक्षा चालते, पण सूत्रं वेगळी लागतात, ती इथे घेत नाही. आणि तुमच्या सरांनीही असा तक्ता दिला असेल तर त्यांच्याशी भांडायला जाऊ नका, तो माझा वाद होता. फक्त तक्ता वापरू नका.

सरावाला एक देतो. ८ विद्यार्थ्यांचे ४-४ चे दोन गट पाडायचे, याचं उत्तर ३५. तेच दोन गट पाडून एक ठाण्याच्या सेंटरला आणि दुसरा वाशीच्या सेंटरला पाठवायचा असेल तर ७०. दोन्ही का बरोबर आहेत ते नावं लिहून, गट अदलून-बदलून स्वतः करून बघा. अडलं तर खाली विचारा.