ओटीपी लॉगिन एसआरएसमध्ये फंक्शनलमध्ये लिहू की नॉन-फंक्शनलमध्ये? सर म्हणतात सिक्युरिटी आहे, म्हणजे नॉन-फंक्शनलच.

दोन्हीकडे, पण तुकडे करून. "सिक्युरिटी म्हणजे नॉन-फंक्शनल" हे सरसकट शिकवलं जातं आणि ते चूक आहे. या एका वाक्यावरून मी आजवर बरेच वाद घातले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विषय काय आहे ते बघू नका, तपासणी कशी होणार ते बघा. टेस्टरने ठरावीक इनपुट दिलं आणि एकाच फेरीत हो किंवा नाही असं उत्तर मिळालं, तर ती रिक्वायरमेंट फंक्शनल. अनेक फेऱ्या करून मोजावं लागलं किंवा हिशेब मांडावा लागला, तर ती नॉन-फंक्शनल. क्लायंट सांगतो, "ओटीपी लगेच आला पाहिजे आणि लॉगिन सुरक्षित पाहिजे." त्याचं असं होतं:

```
FR-LOGIN-01  नोंदणीकृत मोबाईल नंबर दिल्यावर सिस्टिम
             6 अंकी ओटीपी एसएमएस गेटवेकडे पाठवेल.
FR-LOGIN-02  ओटीपी 5 मिनिटांनी बाद होईल.
FR-LOGIN-03  लागोपाठ 3 वेळा ओटीपी चुकल्यास खातं
             15 मिनिटं लॉक होईल. नवा ओटीपी मागवला
             तरी चुकांची मोजणी शून्य होणार नाही.
NFR-PERF-01  एकाच वेळी 500 जण लॉगिन करत असताना
             95% वेळा ओटीपी 2 सेकंदांत गेटवेकडे जाईल.
NFR-SEC-01   24 तासांत अंदाजाने ओटीपी टाकून एखाद्या
             खात्यात शिरता येण्याची शक्यता
             0.05% पेक्षा कमी राहील.
```

"5 मिनिटं" हा आकडा दिसला की लोक ती ओळ नॉन-फंक्शनलमध्ये ढकलतात. आकडा ही खूण नव्हे. पाच मिनिटांनी ओटीपी बाद होणं हे सिस्टिमचं वागणं आहे, एका फेरीत तपासता येतं.

आता LOGIN-03 आणि SEC-01 शेजारी ठेवा. 24 तासांत 15 मिनिटांचे 96 तुकडे, प्रत्येकात 3 प्रयत्न, म्हणजे 288. सहा अंकांचे ओटीपी 10 लाख होतात, म्हणून शक्यता सुमारे 0.029%. अट पाळली गेली. उद्या कोणी म्हणालं, "लोक वैतागतात, लॉक 5 मिनिटांचा करा," की प्रयत्न 864 होतात आणि शक्यता 0.086% वर जाते. अट मोडली. SEC-01 कुठे लिहिलेलीच नसेल तर 15 हा आकडा कशासाठी होता हे कुणालाच कळत नाही आणि बदल सहज मंजूर होतो. म्हणून LOGIN-03 पुढे "कारण: NFR-SEC-01" एवढं जरूर लिहा. मोजणी शून्य न करण्याचं वाक्यही त्यासाठीच आहे. ते गळलं तर हल्लेखोर दोनदा चुकतो, नवा ओटीपी मागवतो, पुन्हा दोनदा चुकतो. लॉक कधी लागतच नाही आणि वरचा सगळा हिशेब कोसळतो.

PERF-01 मध्ये मी "फोनवर येईल" असं मुद्दाम लिहिलेलं नाही. गेटवेच्या पुढचा प्रवास मोबाईल कंपनीच्या हातात असतो, त्याची हमी तुमची सिस्टिम देऊ शकत नाही. ते गृहीतकं आणि अवलंबित्वात लिहायचं. आणि "सरासरी 2 सेकंद" असंही लिहू नका. शंभरांपैकी 95 विनंत्यांना अर्धा सेकंद लागला आणि 5 जण 20 सेकंद ताटकळले, तरी सरासरी दीड सेकंदाच्या आतच येते. टेस्ट पास आणि ते पाच जण मात्र लॉगिन सोडून गेलेले.

ढाच्याचं म्हणाल तर आयईईई 830 (1998) प्रमाणे प्रस्तावना, एकूण वर्णन आणि नेमक्या रिक्वायरमेंट्स असे तीन भाग. गृहीतकं 2.5 मध्ये, बाकी हे सगळं तिसऱ्या भागात. 2011 मध्ये त्याची जागा आयएसओ/आयईसी/आयईईई 29148 ने घेतली, त्याची सुधारित आवृत्ती 2018 ची. कॉलेजात 830 चालत असेल तर तोच वापरा, फक्त नॉन-फंक्शनलच्या पानावर "फास्ट, सिक्युअर, युजर-फ्रेंडली" अशी विशेषणं लिहून मोकळे होऊ नका. त्यातलं एकही तपासता येत नाही.

एक राहिलं. खातं लॉक करण्याला दुसरी बाजू आहे: नुसता नंबर माहीत असलेला कोणीही तीन चुका करून खऱ्या मालकाला बाहेर ठेवू शकतो. तुमच्या सिस्टिममध्ये 15 मिनिटंही बंद राहणं परवडत नसेल, तर उपलब्धतेची वेगळी NFR लिहा आणि ती SEC-01 शी भांडते हे तिथेच नोंदवा. कोणती वरचढ, हे क्लायंटने ठरवायचं, डेव्हलपरने कोड लिहिता लिहिता नाही.