क्रेडिट अवर, प्रीरिक्विझिट, अकॅडमिक प्रोबेशन म्हणजे काय?

प्रश्न: अमेरिकेत बॅचलर्सला चाललोय. क्रेडिट अवर, प्रीरिक्विझिट आणि प्रोबेशन यांचा एकमेकांशी काय संबंध?

उत्तर: क्रेडिट अवर म्हणजे साधारणपणे आठवड्याचे वर्गातले तास, आणि तेच त्या विषयाचं वजन. समजा, ४ क्रेडिटच्या कॅल्क्युलसमध्ये D (१ गुण) मिळाला आणि ३-३ क्रेडिटच्या तीन विषयांत B, C, C (३, २, २). साधी सरासरी बरोबर २.० येते. पण जीपीए काढताना गुणांना क्रेडिटने गुणतात: ४+९+६+६ = २५, भागिले १३, म्हणजे १.९२. बहुतेक ठिकाणी २.० च्या खाली गेलं की प्रोबेशन. काढून टाकत नाहीत, पण पुढच्या सत्रात जीपीए वर आणावाच लागतो.

कॅल्क्युलस २ साठी कॅल्क्युलस १ हे प्रीरिक्विझिट, म्हणजे आधी पूर्ण करायचा विषय. त्यात बऱ्याचदा किमान C लागतो, त्यामुळे D मिळून पास झालात तरी पुढची नोंदणी अडते.

म्हणून विषय मध्येच सोडावा वाटेल, पण इथे जपा! १३ मधून ४ गेले की ९ उरतात, आणि F-1 व्हिसावर बॅचलर्सला सत्रात किमान १२ हवेत. आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी घ्या, मगच विषय सोडा.