शनिवारवाड्याला गाइड: आधी काय काय बोलून घ्यायचं

प्रश्न: आम्ही सहा जण (दोन ज्येष्ठ, दोन मुलं) पहिल्यांदाच पुण्यात येतोय. शनिवारवाडा आणि जवळपासचं बघायला लोकल गाइड घ्यावा का? पैसे आधी ठरवायचे का, आणि त्यात काय काय धरलेलं असतं?

उत्तर:

घ्या, आणि पैसे आधीच ठरवा. शनिवारवाड्यात तर गाइड हवाच, कारण आत वाडा उरलेलाच नाही. १८२८ च्या आगीत सगळं लाकूडकाम जळून गेलं. आता तटबंदी, नऊ बुरूज, दरवाजे आणि मधल्या हिरवळीत दगडी जोती एवढंच आहे. सांगणारा सोबत नसेल तर मुलं दहा मिनिटांत “आता कुठे जायचं?” विचारतात आणि मोठी माणसं बाकावर बसून फोन काढतात. मी जन्माची पुणेकर, पण मलाही कोणत्या जोत्यावर काय उभं होतं ते सांगता येत नाही. आम्ही पुणेकर शनिवारवाड्याच्या आत शेवटचे शाळेच्या सहलीत गेलेलो असतो.

आता पैशाचं. आधी माझी फजिती सांगते, म्हणजे नेमकं काय विचारायचं ते लक्षात येईल.

काही वर्षांपूर्वी नवऱ्याच्या ऑफिसातले पाहुणे आले होते, आम्ही धरून सहा जण. बाहेर एक गृहस्थ भेटले, बोलायला गोड. “किती घ्याल?” “द्या पाचशे.” मी खूश. पाऊण तास त्यांनी छान फिरवलं, निघताना मी पाचशेची नोट पुढे केली, तर म्हणाले, “ताई, पाचशे माणशी सांगितलं होतं.” म्हणजे तीन हजार! पाहुण्यांच्या देखत काय वाद घालणार? बाराशेवर मिटलं, पण दोन्हीकडे तोंडं कडू झाली. त्यांनी फसवलंच असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. “पाचशे” या शब्दापुढे “सगळ्यांचे मिळून” हे दोन शब्द मी जोडले नव्हते, एवढं खरं.

स्वतंत्र गाइडचा दर साधारण ग्रुपमागे असतो, माणशी नाही. माणशी शुल्क असतं ते ठरलेल्या वेळेला निघणाऱ्या हेरिटेज वॉकला, जिथे तुमच्यासोबत अनोळखी लोकही असतात. एकटं-दुकटं असाल तर तो वॉक स्वस्त पडतो. सहा जण असाल तर स्वतःचा गाइड परवडतो, शिवाय आजोबांच्या चालीने चालता येतं.

दुसरी गोष्ट वेळेची. केंद्राच्या पर्यटन खात्याचा परवाना असलेले गाइड (गळ्यात फोटोचं ओळखपत्र असतं, निःसंकोच बघायला मागा) अर्धा दिवस म्हणजे चार तास आणि पूर्ण दिवस म्हणजे आठ तास, अशा हिशेबाने घेतात. माणसं वाढली की दराचा टप्पा बदलतो. मराठी-हिंदी-इंग्रजी सोडून एखादी परदेशी भाषा हवी असेल तर त्याचे वेगळे. असा माणूस तासाभराच्या शनिवारवाड्यासाठी बोलावलात तरी पैसे अर्ध्या दिवसाचेच मागेल, आणि त्यात त्याचं चूक नाही, कारण त्याची सकाळ गेलीच. तेव्हा एकतर चार तास भरतील अशी ठिकाणं जोडा, नाहीतर पेठांमध्ये फिरवणारा, तासांच्या बोलीवर येणारा माणूस शोधा. ओळखपत्रावरून परवाना कळतो, बोलणं कसं आहे ते नाही कळत. त्यासाठी मी फोनवरच एक प्रश्न टाकते: “ध-चा-मा खरं आहे का हो?” नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला याच वाड्यात झाला, ही नोंदलेली गोष्ट. आनंदीबाईंनी पत्रात एक अक्षर बदललं ही आख्यायिका. जो हा फरक सांगतो त्याला मी घेते. जो लगेच अमावास्येच्या रात्री ऐकू येणाऱ्या हाकांवर घसरतो, तो तासभर भुतंच दाखवणार.

मागच्या डिसेंबरात अकोल्याची मावशी आली, तेव्हाचा सौदा पूर्ण सांगते, कारण तुमच्यासारखेच सहा जण होते: मावशी, काका, त्यांचा मुलगा-सून आणि दोन नातवंडं. मला रजा नव्हती, म्हणून सगळं फोनवर ठरवलं. गाइडने तीन तासांचे पंधराशे सांगितले. मी भाव पाडायच्या भानगडीत पडले नाही, काम कमी केलं. “काकांचा गुडघा धरतो, तीन तास झेपणार नाहीत. अडीच तासांचे काय घ्याल?” बाराशे म्हणाले. मग मी विचारलं, “घड्याळ कधी सुरू होतं?” हसले. म्हणाले, “ताई, हे कोणी विचारत नाही, आणि भांडण मात्र यावरूनच होतं. नऊची वेळ ठरली तर सव्वानऊपर्यंत मी फुकट थांबतो. त्यापुढे तुमच्या वेळातून.” जास्त वेळ लागला तर दर अर्ध्या तासाला दोनशे.

फोन ठेवल्यावर मी हे व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं आणि त्यांच्याकडून “ओके” घेतलं:

“रविवार सकाळी ९, दिल्ली दरवाज्यासमोर. ६ जण, सगळ्यांचे मिळून १२०० रु., अडीच तास, मराठीत. शनिवारवाडा, कसबा गणपती, लाल महाल बाहेरून, विश्रामबाग वाडा, तुळशीबाग, मंडई. तिकिटं, रिक्षा, चहा आमचा. दुकानात थांबायचं नाही. जास्तीच्या अर्ध्या तासाला २००. आगाऊ ३००, बाकी शेवटी.”

यातल्या दोन ओळींबद्दल थोडं जास्त सांगते. “तिकिटं आमची” हे लिहावं लागतं, कारण “सगळं धरून” म्हटलं की पाहुण्यांना वाटतं तिकीटही आलं आणि गाइडला वाटतं फक्त त्याचं बोलणं आलं. शनिवारवाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिकीट दारावर किंवा ऑनलाइन काढायचं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम पाहायचा असेल तर त्याचं तिकीट निराळं. गाइड तो कार्यक्रम “दाखवतो” असं म्हणाला तरी तिथे त्याला काही काम नसतं, तेव्हा त्याचे पैसे देऊ नका.

“दुकानात थांबायचं नाही” हेही मुद्दाम. सगळेच तसे नसतात, पण काहींचं एखाद्या साडीच्या किंवा तांब्या-पितळेच्या दुकानाशी कमिशनचं असतं आणि तुमच्या अडीच तासांतली पंचवीस मिनिटं तिथे जातात. याची एक खूण आहे. दुकान वाटेत नसताना “बघा तरी, घ्यायलाच पाहिजे असं नाही” ऐकू आलं की समजायचं. तुम्हाला तांब्याची भांडी खरंच बघायची असतील तर कसबा पेठेतली तांबट आळी स्वतःहून यादीत घाला. तिथे ठोके मारून मठारकाम करणारे कारागीर बघायला मिळतात.

प्रत्यक्षात काय झालं ते ऐका. मंडळी पार्किंग शोधत सव्वानऊऐवजी नऊ पंचवीसला पोचली. दहा मिनिटं गेली, बोलीप्रमाणे. दिल्ली दरवाज्यापाशीच गाइडने नातवंडांना खिशात टाकलं. दारावरच्या लोखंडी सुळ्यांपाशी नेऊन विचारलं, “हत्तीने धडक मारली तर त्याचं डोकं कुठे येईल?” धाकटा वर मान करून अंदाज घेत राहिला. सुळे नेमके त्याच उंचीवर आहेत. मोठं दार बंद असताना माणूस आत घ्यायला त्यातच छोटा दिंडी दरवाजा आहे, त्यातून वाकून जायचं, म्हणजे येणाऱ्याची मान आधी आत येते. हे मलाही माहीत नव्हतं, मावशीने रात्री जेवताना सांगितलं. हजारी कारंज्यापाशी मात्र पाऊण तासाचा सव्वा तास झाला, कारण पाणी कुठून खेळवलं होतं हे काकांना हवं होतं (काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यांना आवरणं कठीण).

कसबा गणपतीचं दर्शन झालं. लाल महालापाशी गाइडने स्वतःहून सांगितलं की ही इमारत महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली आहे, शिवाजी महाराजांच्या लहानपणीची नव्हे. इथे मला त्यांना घेतल्याचं समाधान वाटलं, कारण न सांगता फोटो काढू देणं सोपं होतं. विश्रामबाग वाडा, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ चा, आतून उघडा असेल का हे त्यांनी आदल्या दिवशीच पाहून कळवलं होतं: बाहेरूनच बघायचा. रस्त्यावरूनही त्याचा लाकडी कोरीव दर्शनी भाग बघण्यासारखा आहे.

तुळशीबागेत मावशी भातुकलीच्या पितळी भांड्यांपाशी थांबली. हे दुकान गाइडचं नव्हे, तिचंच! पावणेबाराला ठरलेली वेळ संपली तेव्हा मंडई बाकी होती. गाइडने घड्याळ दाखवून विचारलं, “इथे थांबायचं की मंडई करायची? दोनशे जास्त होतील.” हे विचारणं मला फार आवडलं. मंडई केली. सव्वाबाराला, १८८६ च्या त्या अष्टकोनी इमारतीखाली हिशेब झाला: बाराशे अधिक दोनशे, त्यातून आगाऊ तीनशे वजा, उरले अकराशे. यूपीआयने तिथेच दिले. काकांनी खुशीने शंभर वर दिले, ते गाइडने मागितले नव्हते. बक्षिशी अशीच असते, ऐच्छिक. कोणी ती दरात “धरली आहे” म्हणाला तर दर पुन्हा विचारा.

आगाऊ मात्र पूर्ण रक्कम कधीच देऊ नका, ओळखीतून आलेला असला तरी. चौथा हिस्सा पुरे. तेवढ्याने त्याचा दिवस अडकतो आणि तो आलाच नाही तर तुमचं फार जात नाही. उलट ऐनवेळी तुम्हीच रद्द केलंत तर ते पैसे सोडा.

एक शेवटचं, ज्येष्ठांसाठी. दिल्ली दरवाज्यावरच्या नगारखान्यात गेलं की सगळी जोती एका नजरेत दिसतात, पण जिन्याच्या पायऱ्या उंच आणि गुळगुळीत आहेत. कोण चढणार, कोण खाली थांबणार हे फोनवरच गाइडला सांगा. आमच्या गाइडने काकांना खाली सावलीत बसवलं, बाकीच्यांना वर नेलं, आणि काय दिसतंय ते वरूनच फोनवर काकांना सांगत राहिला. तेवढ्याचे वेगळे पैसे लागले नाहीत.