फोटोतली शीट उतरवताना: लपलेले कॉलम, कापलेले सेल

एक्सेल शीटच्या फोटोत वर A, B, C आणि मग एकदम F, G दिसतं. ओळी टाइप करताना D आणि E चं काय करू?

जागा ठेवा, पण ती रिकामी ठेवू नका. रिकामी जागा पाहून वाचणारा समजतो की तिथे काही नव्हतंच. मी सरळ शब्दात लिहितो:

```
A | B जाने | C फेब्रु | D | E | F मे | G एकूण
वह्या | 40 | 120 | [लपलेला] | [लपलेला] | 80 | 300
```

दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज २४० होते आणि शीट ३०० म्हणते. इथे बऱ्याच जणांचा हात ३०० चे २४० करायला शिवशिवतो. तसं करू नका. फोटोत G2 निवडलेला असेल आणि वरच्या फॉर्म्युला बारमध्ये `=SUM(B2:F2)` दिसत असेल, तर हिशेब बरोबर आहे, कारण `SUM` लपवलेले कॉलमही धरतो. म्हणजे D आणि E मिळून ६० आहेत. एवढं टिपेत लिहा, पण ३०-३० अशी वाटणी करू नका. फॉर्म्युला दिसतच नसेल, तर टिपेत फक्त ६० चा फरक नोंदवा. एकूणचा आकडा कोणी हातानेही भरलेला असू शकतो.

काही सेलमध्ये `#####` आहे, काहींत नाव अर्धंच दिसतं. जसंच्या तसं उतरवू का?

`#####` हा मजकूर नाहीच. आत आकडा किंवा तारीख आहे आणि कॉलम अरुंद पडलाय, इतकाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ. तिथे [दिसत नाही] लिहा, शून्य नको.

अक्षरांचं वेगळं आहे. शेजारचा सेल रिकामा असेल तर लांब मजकूर त्याच्यावर पसरतो, भरलेला असेल तर सीमेवर कापला जातो. म्हणून 'प्लास्टिक फोल्ड' दिसलं की 'प्लास्टिक फोल्ड[कापलं]' लिहा. 'फोल्डर'च असणार हे मलाही वाटतं, पण ते 'फोल्डिंग टेबल'ही असू शकतं. तो सेल निवडलेला असेल तर पूर्ण मजकूर फॉर्म्युला बारमध्ये सापडतो, तिथे आधी बघा. आणि पसरलेला मजकूर शेजारच्या कॉलमचा समजून दोन तुकड्यांत टाइप करू नका. ही चूक मी स्वतः केली आहे, आणि पुढची अख्खी ओळ एक घर सरकली होती.

फोटोच्या उजव्या कडेला ४५० दिसतंय. ते धरायचं का?

सेलची उजवी सीमारेषा फोटोत आहे का, ते बघा. अरुंद कॉलममध्ये एक्सेल आकडा मधेच तोडत नाही. फार तर दशांश गोल करते, मोठा आकडा `1.2E+09` सारखा दाखवते, नाहीतर `#####`. कॅमेरा मात्र बिनधास्त तोडतो, आणि तुटलेला आकडा पूर्ण आकड्यासारखाच दिसतो. रेषा नसेल तर ते ४५०० असू शकतं. '450[कडेला कापलं]' लिहा आणि फोटो पुन्हा मागवा.