प्रसूती रजेचा अर्ज : तारखा आणि कामाची सोय कशी लिहावी?

प्रश्न : मी बुटीबोरीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. पहिलंच बाळ, डॉक्टरांनी 20 नोव्हेंबर 2026 तारीख दिली आहे. एचआर हेड मॅडमना अर्ज कसा लिहू? माझं काम कोण बघेल तेही त्यात लिहायचं का?

उत्तर : हिंगणा एमआयडीसीत मी एचआरलाच आहे, असे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. बहुतेकींचे अडतात ते तारखांवर. ‘नोव्हेंबरपासून सहा महिने’ असं लिहिलं की पगारपत्रक करणारा परत विचारायला येणारच.

पहिल्या बाळासाठी कायद्याने 26 आठवडे, म्हणजे 182 दिवस मिळतात. त्यात रविवार आणि दिवाळीही धरलेली असते. दिलेल्या तारखेआधी जास्तीत जास्त 8 आठवडे घेता येतात, म्हणजे तुम्हाला 25 सप्टेंबरपासून निघता येईल. पण आधी घेतलेले दिवस पुढे बाळाजवळचे कमी होतात. तब्येत साथ देत असेल तर सोमवार, 26 ऑक्टोबर धरा. मग रजा 25 एप्रिल 2027 ला संपते आणि 26 एप्रिलला सोमवारीच रुजू होता येतं.

मजकूर साधाच ठेवा:

‘माननीय मॅडम, माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख 20 नोव्हेंबर 2026 आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. 26 ऑक्टोबर 2026 ते 25 एप्रिल 2027 अशी 26 आठवड्यांची प्रसूती रजा मंजूर करावी, ही विनंती. त्याआधीच प्रसूती झाल्यास रजा त्या दिवसापासून धरावी. या काळात मी दुसरीकडे कुठेही काम करणार नाही. प्रसूती लाभाची रक्कम माझ्या पगाराच्या खात्यात जमा करावी.’

‘त्याआधीच’ हे वाक्य गाळू नका. बाळ आपल्या अर्जाची वाट बघत नाही.

कामाची सोय अर्जात लिहाच, पण बदली माणूस शोधून देणं तुमचं काम नाही, ते कंपनीचं. तुम्ही फक्त काय केव्हा भरायचं ते सांगायचं: टीडीएस 7 तारखेला, जीएसटीआर-1 11 ला, 3बी 20 ला. म्हणजे ऑक्टोबरच्या 3बीची शेवटची तारीख नेमकी तुमच्या प्रसूतीचीच! अर्जात असं लिहा: ‘ही कामे कंपनी नेमेल त्या सहकाऱ्याला 5 ऑक्टोबरपासून सोबत बसवून शिकवेन. ऑक्टोबरमधली विवरणपत्रे त्यांनी माझ्यासमोर भरावीत.’

आणि एक गोष्ट हमखास राहते, ओटीपी. पोर्टलवर तुमचा मोबाईल नोंदलेला असेल तर प्रसूतीच्या खोलीतही फोन वाजत राहील. निघण्याआधी नंबर बदलून घ्या, आणि ‘23 ऑक्टोबरपर्यंत नोंदणीकृत मोबाईल आणि ईमेल बदलून द्यावेत’ असं अर्जातच टाका.

ईएसआयसी कापली जात असेल तर पैसे कंपनीकडून नाही, ईएसआयसीकडून मिळतात. तेव्हा रकमेचं वाक्य काढा आणि तिथले कागद आधीच विचारून घ्या. अर्ज सप्टेंबरच्या सुरुवातीलाच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.