अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे छोटी प्रस्तावना नव्हे

प्रश्न: प्रबंधाचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट लिहिला, तर गाईड म्हणतात ही प्रस्तावनाच आहे. वर एक्झिक्युटिव्ह समरीही हवी आहे. तिन्हींत वेगळं काय लिहायचं?

बहुधा तुम्ही प्रस्तावना समोर ठेवून ती आखडून घेतली असावी. प्रस्तावना प्रश्न उभा करून थांबते. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये उत्तर यावं लागतं, म्हणून तो निष्कर्षांचं प्रकरण समोर ठेवून, सगळ्यात शेवटी लिहावा.

समजा विषय असा आहे: आदल्या दिवशी मेसेज पाठवला तर वेळ घेऊनही दवाखान्यात न येणारे रुग्ण कमी होतात का? प्रस्तावनेत ही अडचण का येते, आधी कोणी काय अभ्यासलं, कुठे जागा उरली, हे सगळं येईल. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये त्याला एक वाक्य पुरे. पुढे थेट असं: ‘८०० रुग्णांची यदृच्छ पद्धतीने दोन समान गटांत विभागणी केली. मेसेज मिळालेल्या गटात १४ टक्के, तर दुसऱ्या गटात २२ टक्के रुग्ण आले नाहीत. साठीपुढच्या रुग्णांमध्ये फरक आढळला नाही.’ (आकडे अर्थात काल्पनिक.)

याच जागी बहुतेक जण ‘मेसेजच्या परिणामाची सविस्तर चर्चा केली आहे’ असं लिहून मोकळे होतात. परिणाम झाला की नाही, ते वाचणाऱ्याला कळतच नाही. ‘चर्चा केली आहे’, ‘आढावा घेतला आहे’, ‘प्रयत्न केला आहे’ अशी वाक्यं शोधा आणि प्रत्येकाच्या जागी त्या चर्चेतून निघालेली गोष्ट लिहा. ऑनलाइन सूचीत अ‍ॅबस्ट्रॅक्ट एकटाच दिसतो, त्यामुळे ‘प्रकरण ४ पाहा’, तक्त्याचे क्रमांक, संदर्भ आणि न उलगडलेली लघुरूपं काढून टाका.

एक्झिक्युटिव्ह समरीचा वाचक वेगळा. दवाखान्याच्या व्यवस्थापकाला तुमची पद्धत नंतर कळली तरी चालेल. काय करायचं ते आधी हवं. म्हणून पहिल्याच ओळीत शिफारस: ‘साठीखालच्या रुग्णांना आदल्या दिवशी मेसेज पाठवावा.’ मग आधार, पण त्याच्या हिशेबात: सगळ्या वयांचे मिळून दर १०० रुग्णांमागे न येणारे सुमारे ८ जण कमी. त्यानंतर खर्च, कोणावर किती काम पडेल आणि मर्यादा. ही दोन-चार पानं, उपशीर्षकं देऊन लिहिली तरी चालते. अ‍ॅबस्ट्रॅक्ट मात्र साधारण १५० ते ३०० शब्दांत बसवायचा. नेमकी मर्यादा तुमच्या विद्यापीठाच्या नियमांत बघा.

शिफारशी लिहिताना एक मोह होतो: ‘वयस्कर रुग्णांना फोन करावा.’ ऐकायला बरं वाटतं, पण फोनचा उपयोग तुम्ही तपासलेलाच नाही. परीक्षक नेमकं तिथेच धरतात. ‘या गटासाठी मेसेजवर विसंबू नये, फोनचा पर्याय आधी छोट्या प्रमाणावर तपासावा’ एवढंच तुमच्या हातात आहे.

परीक्षकांच्या दुरुस्त्यांनंतर प्रकरणांतले आकडे बदलले, तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट आणि समरी या दोन्हींतले आकडेही त्याच दिवशी बदला.